तो लाल झालेला दाणा

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. दिवाळीनंतर त्याच्या काखेजवळ दोन पांढरट, चमकणारे दाणे दिसले. आता एप्रिलमध्ये मोजले तर १७ झालेत, काखेत, छातीच्या कडेला आणि कोपराच्या आतल्या बाजूला. प्रत्येकाच्या मधोमध बारीक खळगा आहे. दुखत नाहीत, पण कोपरापाशी खूप खाजवतो. गावातले डॉक्टर म्हणाले मोलस्कम आहे, आपोआप जाईल. धुळ्याला दाखवलं तर तिथे सांगितलं, सगळे खरवडून काढू. सासूबाई म्हणतात चुना-सोडा लावा, दोन दिवसांत गळून पडतील. त्यात चार दिवसांपासून छातीवरचा एक दाणा लाल होऊन सुजलाय. आठ वर्षांची मुलगीही आहे, तिला होईल का? थांबू, की काढून टाकू?
— एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, आधी त्या लाल दाण्याबद्दल बोलू. बाकी सगळं थोडं थांबू शकतं. शिवाय तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली बातमी तीच आहे, आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे.

मोलस्कमचा विषाणू फार मुकाट राहणारा आहे. तो रक्तात जात नाही, पोटात जात नाही. त्वचेच्या अगदी वरच्या थरात घर करतो आणि तिथल्याच पेशींत वाढतो. म्हणून ताप नाही, अंगदुखी नाही, आणि म्हणूनच शरीराच्या रक्षक पेशींना कित्येक महिने त्याचा पत्ताही लागत नाही. दाणा नुसता बसून राहतो, दादर ज्वारीच्या दाण्यासारखा गोल, गुळगुळीत, वर मोत्याची झाक. मग एक दिवस शरीराला तो दिसतो. रक्षक पेशी तिथे जमतात आणि दाणा लाल होतो, फुगतो, कधी वर पिवळट टोक येतं, खपली धरते. त्यानंतर थोड्या आठवड्यांत तो बसतो. पुष्कळदा एक लाल झाला की पाठोपाठ शेजारचे दोन-चारही लाल होतात. आईला वाटतं आजार चिघळला, पण तो उतरणीला लागलेला असतो.

माझ्याकडे अशी मुलं हमखास अँटिबायोटिकची बाटली अर्धी संपवून येतात. बहुतेकांना तिची गरज नसते. पण खरोखर जंतुसंसर्ग झालेला दाणाही असतो, म्हणून दोन्हींतला फरक घरी कसा ओळखायचा ते सांगते. साधा बॉलपेन घ्या आणि लालीच्या कडेवर हलकी रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी बघा. शरीराच्या प्रतिकारामुळे आलेली लाली दाण्याभोवतीच घुटमळते, रेघेच्या फार पलीकडे जात नाही, आणि पोरगं अंगणात खेळत असतं. लाली रेघ ओलांडून दर दिवशी पसरत असेल, हात लावला की मूल ओरडत असेल, जागा गरम लागत असेल, पू वाहत असेल, ताप आला असेल किंवा दाण्यापासून लाल पट्टा वर सरकत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुमच्या मुलाचे चार दिवस झाले आहेत आणि ताप, पू याचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. तेव्हा रेघ ओढा आणि बघत राहा. त्या दाण्याला दाबू नका, फोडू नका.

आता थांबायचं म्हणजे किती, हा प्रश्न. ब्रिटनमध्ये ३०० हून थोड्या जास्त मुलांच्या मोलस्कमचा पाठपुरावा करून २०१५ साली निष्कर्ष छापले गेले. आजार पूर्ण जायला सरासरी १३ महिने लागले. दीड वर्षानंतरही दहातल्या साधारण तिघांना काही दाणे शिल्लक होते आणि दोन वर्षांनी शंभरातल्या १३ जणांना. ‘आपोआप जाईल’ असं सांगणारे डॉक्टर खोटं बोलत नाहीत, पण ‘आपोआप’ म्हणजे महिन्याभरात असं आईबापांनी धरून बसू नये एवढ्यासाठी हे आकडे दिले. तुमच्याकडे दिवाळीपासून साडेपाच-सहा महिने झाले. म्हणजे सरासरीनं पाहिलं तर निम्मी वाट चालून झाली आहे, आणि लाल दाणा दिसायला लागल्यानं मी जरा जास्तच आशा धरीन.

एका दाण्याचं आयुष्य आणि सगळ्या आजाराचं आयुष्य वेगळं असतं. एकेक दाणा दोन-तीन महिन्यांत जातो, पण तो जाता जाता खाजवण्यानं विषाणू शेजारी पेरला जातो आणि नवा दाणा वर यायला दोन ते सात आठवडे घेतो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे मधल्या काळात मोजणी कमी होताना दिसत नाही आणि घरात वाद सुरू होतात. माझं एक सांगणं आहे. रोज मोजू नका. महिन्याच्या पहिल्या तारखेला, खिडकीपाशी उजेडात, तीच जागा मोबाइलवर टिपा. एक मे, एक जून, एक जुलै. फोटो शेजारी ठेवून पाहिले की कळतं, एप्रिलमधले कोणते दाणे गेले आणि नवे कोणते आले.

तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटलेली ओळ म्हणजे कोपराची खाज. मोलस्कम फारसा खाजत नाही. कोपराच्या खोबणीत दाण्यांभोवती त्वचा कोरडी, खरबरीत, लालसर झाली असेल तर तो दाण्यांमुळे उमटलेला इसब आहे. मूल खाजवतं ते इसबामुळे आणि विषाणू पसरतो तो खाजवण्यामुळे. म्हणून दाण्यांना काही न लावताही आजार आवाक्यात ठेवता येतो, फक्त त्यांच्याभोवतीची त्वचा सांभाळावी लागते. आंघोळ कोमट पाण्यानं आणि थोडक्यात. घासणी, दगड, उटणं सध्या माळ्यावर ठेवा. अंग टिपल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा पांढरं पेट्रोलियम जेली. रात्री झोपताना पुन्हा एकदा. कोपरातल्या खाजऱ्या चट्ट्यावर, डॉक्टरांनी पाहून हो म्हटलं तर, १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन दिवसातून दोनदा, पातळ थर, पाच ते सात दिवस. ही सौम्य स्टिरॉइड मलम आहे आणि ती चट्ट्यासाठी आहे, दाण्यांसाठी नाही. नखं दर आठवड्याला कापा.

इथे एक कळकळीची विनंती. मेडिकलवाल्याला ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून सांगू नका. त्या एका वाक्यावर आपल्याकडे जी ट्यूब मिळते, तिच्यात बहुतेक वेळा जहाल स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. चार दिवस खाज थांबते, सगळे खूश होतात, आणि महिन्याभरात पोराच्या खोबणीतली कातडी पातळ होऊन रेघा उमटतात.

आता सासूबाईंचा चुना-सोडा. त्यांना अडाणी म्हणून उडवून लावू नका, त्यामागं रसायनशास्त्र आहे. चुना आणि धुण्याचा सोडा ओलसर कालवला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. तो कातडी जाळतो. दाणा गळून पडतो हे खरंच आहे, पण त्याबरोबर खालची चांगली कातडीही जाते. आपल्याकडे रावेर-यावलकडे केळीच्या वाळक्या पानाखांबाची राखही चामखिळीवर लावतात. केळीच्या राखेत पोटॅश भरपूर असतं आणि चुन्याशी त्याची गाठ पडली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड होतं. गंमत म्हणजे आम्ही त्वचारोगवालेही मोलस्कमला हेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड देतो. फरक एवढाच की आमच्या बाटलीत ते ५ ते १० टक्के मोजून असतं आणि आजीच्या वाटीत किती आहे ते आजीलाही ठाऊक नसतं. चार वर्षांच्या एका मुलीच्या मांडीवर मी असं मिश्रण लावल्याची खूण पाहिली. दाणे गेले होते, त्यांच्या जागी पाच पैशाच्या नाण्याएवढा पांढरा, ताणलेला डाग कायमचा राहिला. बिब्ब्याचं तर नावही काढू नका. त्याच्या तेलानं जो फोड येतो तो मोलस्कमपेक्षा कितीतरी वाईट.

मी बाटली देते, तेव्हा ती कशी वापरायला सांगते ते लिहिते, म्हणजे हा घरगुती उद्योग का नाही ते लक्षात येईल. मूल शांत असताना, आधी दाण्याभोवती पेट्रोलियम जेलीचं कडं करायचं. मग टूथपिकच्या टोकाला जेमतेम कापूस गुंडाळून थेंब फक्त दाण्याच्या माथ्यावर टेकवायचा. एका वेळी चार-पाच दाणे, जास्त नाही. दाणा लाल झाला, टोचू लागला, की त्या दाण्याचं औषध बंद. तो लाल होणं हाच उद्देश होता, पुढचं काम शरीर करतं. डोळ्यांच्या आसपास, तोंडाशी आणि इसबाच्या चट्ट्यावर हे औषध चालत नाही. जळजळ बहुतेक मुलांना होते. आपल्या सावळ्या कातडीवर काही महिने काळा डाग राहू शकतो, तोही आधीच सांगून ठेवते.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सुचवलेलं खरवडणं चूक नाही. बारीक चमच्यासारख्या हत्यारानं दाण्यातला पांढरा गाभा उचलायचा असतो. तो निघाला की दाणा संपला. एका दाण्याला काही सेकंद लागतात आणि टाचणीच्या डोक्याएवढं रक्त येतं. आधी बधीर करणारी मलम लावून, वर प्लास्टिकची पट्टी बांधून तासभर थांबावं लागतं, आणि ती किती लावायची हे मुलाच्या वजनावर ठरतं. ती घरून मनानं थापून आणायची नाही, जास्त झाली तर लहान मुलाच्या रक्तावर परिणाम होतो.

पण १७ दाणे आणि पाच वर्षांचं मूल. प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मीही एकदा हौसेनं ‘आजच सगळे काढू’ म्हणाले होते. मलम लावून तास भरायच्या आत, बाहेर गर्दी वाढली म्हणून, मुलाला आत घेतलं. पहिले तीन दाणे ठीक गेले. चौथ्याला त्याला कळलं. मग आईनं हात धरले, मामानं पाय धरले, आणि मी थांबायच्या ऐवजी पुरे केले. दीड महिन्यानं आई एकटी आली, मोबाइलमध्ये फोटो घेऊन. नवे आठ दाणे होते. मुलगा दवाखान्याच्या पायरीवरच बसला होता आणि आत यायला तयार नव्हता. ते आठ दाणे मी काढले त्या दिवशीच कातडीत पेरलेले होते, फक्त दिसत नव्हते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या दिवसापासून लक्षात राहिलं.

म्हणून ‘सगळे काढू’ हा शब्द मी आता वापरत नाही. दिसतात तेवढे काढता येतात, एवढंच. दाणे तीन-चारच असतील, मूल मोठं आणि तयार असेल, किंवा एखादाच दाणा सारखा सोलून रक्त येत असेल, तर मी खरवडते. गालावरच्या दाण्यावरून शाळेत चिडवतात म्हणून मूल शाळेला जायला नाही म्हणत असेल, तर तेही माझ्या लेखी पुरेसं कारण आहे. परदेशात डॉक्टरांच्या हातानं लावायचं कँथॅरिडिन नावाचं औषध चांगलं चालतं, अमेरिकेत २०२३ मध्ये मोलस्कमसाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली, त्यात लावताना दुखत नाही पण नंतर फोड येतो. इमिक्विमॉड नावाची महाग क्रीम मात्र कोणी लिहून दिली तर विचारा. मुलांवरच्या मोठ्या चाचण्यांत तिचा फायदा औषध नसलेल्या साध्या क्रीमहून जास्त दिसला नाही.

या आजारात कुणालाही यश मिळतं, हेही सांगून टाकते. जो आजार स्वतःहून जाणार आहे, त्यावर अकराव्या महिन्यात ज्यानं ज्यानं काही दिलं, तो तो हुशार ठरतो. शेजारणीच्या मुलाला अमक्या पुडीनं गुण आला, ही गोष्ट ऐकाल तेव्हा एवढंच विचारा, पुडी सुरू केली तेव्हा दाणे येऊन किती महिने झाले होते?

तुमच्या मुलासाठी माझा कौल असा : आत्ता काढू नका. कोपराचा इसब पंधरा दिवसांत शांत करा. जूनच्या फोटोत कोपरात नवे दाणे वाढतच दिसले, तर तेवढ्या जागेपुरतं औषध करू. काखेतल्या आणि छातीवरच्यांना हात लावायची गरज मला दिसत नाही.

मुलीला होईल का? होऊ शकतं. त्याच ब्रिटिश पाहणीत घरात दुसरी मुलं असलेल्या दहातल्या चार घरांत ते पसरलेलं आढळलं. निम्म्याहून जास्त घरांत पसरलं नाही, हेही तितकंच खरं. भावंडांना वेगळं झोपवायची, ताट-पेला वेगळा करायची गरज नाही. पसरतं ते कातडीला कातडी घासून आणि ओल्या कापडातून. म्हणून दोघांचे पंचे वेगळ्या रंगाचे ठेवा, एकाच टबात किंवा बादलीशी दोघांना एकत्र आंघोळ घालू नका, आणि मुलाच्या अंगात काख झाकेल असा पातळ सुती शर्ट असू द्या. तापमान ४४ च्या वर जाईल तेव्हा घामोळं येईल, घामोळ्याची खाज आणि मोलस्कम एकत्र आले की पसरायला वेळ लागत नाही. कूलरसमोर बसवा, घाम टिपा, पावडरीचे थर देऊ नका.

सुट्टीत मामाच्या गावी विहिरीवर पोहायचा हट्ट करेलच. जाऊ द्या. उघड्या दाण्यांवर पाण्यात टिकणारी पट्टी लावा, पंचा आणि चड्डी त्याचीच हवी, पोहून आल्यावर अंगावर गोडं पाणी आणि मॉइश्चरायझर. शाळा किंवा बालवाडी बंद करायचं कारण नाही. कुणी ‘देवी निघाल्या’ म्हणून फोडणी बंद करायला, आंघोळ थांबवायला सांगितलं, तर विषाणू देवीच्या घराण्यातला आहे एवढं खरं, पण तो लांबचा भाऊबंद आहे. देवी आपल्या देशातून १९७५ मध्येच गेल्या. पोरानं वरण-भात, भरीत-भाकरी सगळं खावं.

डॉक्टरांकडे न थांबता जायचं ते एवढ्यासाठी : पापणीच्या कडेला दाणा आला आणि डोळा लाल राहू लागला तर, कारण त्यातला गाभा डोळ्यात झडून डोळा चिडतो, आणि तिथे मी नाही, डोळ्यांचे डॉक्टर लागतात. दाणे सुपारीएवढे मोठे होऊ लागले, किंवा शंभराच्या घरात गेले, मूल वारंवार आजारी पडत असेल, तर प्रतिकारशक्तीची तपासणी करायला हवी. आणि एक भीती जी आया बोलून दाखवत नाहीत : जांघेत किंवा लघवीच्या जागी दाणे आले तर लगेच वाईट शंका घेऊ नका. लहान मुलं स्वतःच्या हातानं तिथे पोचवतात, तेच बहुतेक वेळा कारण असतं. पण मूल घाबरलेलं असेल किंवा दुसऱ्या कसल्या खुणा दिसत असतील, तर डॉक्टरांशी एकट्यानं, मोकळेपणी बोला.

दाणा गेल्यावर जागी छोटी फिकट खळी किंवा काळसर ठिपका दिसेल. ठिपके काही महिन्यांत पुसतात. खळ्या क्वचित राहतात, न काढताही आणि काढूनही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही फोटो आणि बॉलपेनच्या रेघेचा एक, असे चार पाठवा. पेनाची रेघ पुसली गेली तर परत ओढा, पोरानं त्यावर मिशी काढली तरी चालेल.